गौरी-गणपतीतला स्प्रिंट

गणपतीला कणकवलीचं तिकीट हवं असेल तर सकाळी आठच्या आत लॉगिन करून, प्रवाशांची नावं आधीच भरून बसावं लागतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. २०२५ साली गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला आली. रविवारी २४ तारखेला निघायचं, तर तिकीट जूनच्या शेवटच्या आठवड्यातच काढायला हवं. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या कणकवलीच्या मुलीला, ऑगस्टच्या शेवटी आपण ऑफिसात नसणार, हे दोन महिने आधी पक्कं ठाऊक असतं. तिच्या आईला ठाऊक असतं, शेजारच्या काकूंनाही ठाऊक असतं. तिच्या टीमच्या कामाच्या आखणीत मात्र ही गोष्ट उगवते ती २५ ऑगस्टच्या सकाळी, तिची खुर्ची रिकामी दिसते तेव्हा.

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरच्या टीमांची आखणी करून देण्याचं काम करते. गणपतीत ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम उरकणारी माणसं मी व्हिडिओ कॉलवर पाहिली आहेत. मागे आरती चालू असते आणि इकडे टेस्टर विचारत असतो, ‘ही एरर तुझ्याकडे येते का गं?’ अशा वेळी आळस कुणीच केलेला नसतो. दोन आठवड्यांपूर्वी एक गुणाकार चुकलेला असतो, आणि त्याची भरपाई ती मुलगी आपल्या रजेतून करत असते. तो गुणाकार नेमका कसा करायचा, आणि तो बरोबर करूनही कुठे फसतो, हे मला सांगायचं आहे.

आधी शब्द समजून घेऊ. बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत काम ‘स्क्रम’ नावाच्या पद्धतीने चालतं. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी ती १९९५ साली अमेरिकेत ऑस्टिनला भरलेल्या एका परिषदेत मांडली. वर्षभराचा मोठा आराखडा करण्याऐवजी काम छोट्या मुदतींत कापून घ्यायचं. अशा एका मुदतीला स्प्रिंट म्हणतात. ती जास्तीत जास्त एक महिन्याची असते, आपल्याकडे बहुधा दोन आठवड्यांची. स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी टीम एकत्र बसते आणि या दोन आठवड्यांत कोणती कामं पुरी होतील ते ठरवते. त्या कामांना स्टोरी म्हणतात, आणि उरलेल्या कामांची यादी म्हणजे बॅकलॉग. या बैठकीत कळीचा प्रश्न एकच असतो: आपल्याला किती झेपेल?

सोपं उत्तर ‘गेल्या वेळी जेवढं झालं तेवढं’ हे असतं. सगळे हजर असतील तर ते बरंचसं बरोबरही ठरतं. रजा आल्या की ते मोडतं, आणि मग हजेरीचा हिशेब करावा लागतो. रोजगार हमीच्या कामांवर ज्याला मनुष्यदिवस म्हणतात, तेच माप इथे वापरायचं. सहा जणांची टीम आणि दहा कामाचे दिवस म्हणजे ६० मनुष्यदिवस. त्यातून सुट्ट्या आणि रजा वजा करायच्या. इथवर कुणाचं दुमत नसतं. चूक पुढच्या पायरीवर होते: उरलेला प्रत्येक दिवस आठ तासांचा धरला जातो.

एका प्रोग्रामरचा साधा मंगळवार पाहा. जेवणाची सुट्टी वगळून त्याच्याकडे आठ तास आहेत, म्हणजे ४८० मिनिटं. सकाळची उभ्या उभ्या होणारी बैठक पंधरा मिनिटांची, पण सगळे जमून परत जागेवर बसेपर्यंत पंचवीस मिनिटं जातात. ग्राहकाबरोबरचा कॉल पाऊण तासाचा. शेजारच्याने लिहिलेला कोड तपासून द्यायला पन्नास मिनिटं. पुढच्या कामांची चर्चा अर्धा तास. चालू सिस्टिममधून आलेली एक तक्रार, तिचं मूळ शोधून उत्तर देण्यात चाळीस मिनिटं. मेल आणि चॅटवरचे सुटे प्रश्न पंचवीस मिनिटं. बेरीज २१५ मिनिटांची झाली. ठरवलेल्या स्टोरीसाठी उरले चार तास पंचवीस मिनिटं, म्हणजे दिवसाचे ५५ टक्के. यातला एकही मिनिट त्याने फुकट घालवलेला नाही. कोड तपासणं हे कामच आहे, ग्राहकाला उत्तर देणं हेही कामच आहे. फक्त ते या स्प्रिंटच्या यादीत लिहिलेलं नाही.

या प्रमाणाला फोकस फॅक्टर म्हणतात. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या हेन्रिक क्नीबर्ग यांनी २००७ साली आलेल्या ‘स्क्रम अँड एक्सपी फ्रॉम द ट्रेंचेस’ या पुस्तकात तो हिशेब मांडला आणि तिथून तो जगभर पसरला. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत हा शब्द नाही, ही कामकऱ्यांनी शोधलेली युक्ती आहे. कामाचा अंदाज ‘निखळ दिवसां’त करायचा: कुणीही मध्ये न बोलता, फोन न वाजता एकट्याने बसून हे केलं तर किती दिवस लागतील? स्प्रिंट संपल्यावर पुऱ्या झालेल्या कामांचे निखळ दिवस मोजायचे आणि त्यांना हजर मनुष्यदिवसांनी भागायचं. त्यांच्या पुस्तकातल्या उदाहरणात ४५ मनुष्यदिवसांत १८ पुरे झाले, म्हणजे फोकस फॅक्टर ४० टक्के. पुढच्या स्प्रिंटला ५० मनुष्यदिवस मिळणार असतील, तर ५० चे ४० टक्के, म्हणजे २० एवढंच काम घ्यायचं. टीम नवी असेल आणि मागचे आकडेच नसतील, तर सुरुवातीला ते ७० टक्के धरतात.

हा ७० चा आकडा फार लोकप्रिय झाला आहे, आणि माझी तक्रार इथेच आहे. तो आकडे नसलेल्यांसाठी होता. दोन वर्षं एकत्र काम करणाऱ्या टीमने तो वापरणं म्हणजे घरात वजनकाटा असताना अंदाजाने वजन सांगणं. मी त्याहून वाईटही पाहिलं आहे: वरून ठरवून दिलेले ८० टक्के. आपल्या टीमचा आकडा ५५ निघाला तर लाजायचं कारण नाही. ज्या टीमवर चालू सिस्टिम सांभाळायची जबाबदारी आहे तिचा आकडा कमीच येतो.

आता एक पुरं उदाहरण घेऊ. तारखा २०२५ च्या कॅलेंडरमधल्या आहेत. टीम मी जवळून पाहिलेल्या टीमांवरून बेतली आहे आणि आकडे हिशेबाला सोपे ठेवले आहेत.

पुण्यातली सहा जणांची टीम. हाउसिंग सोसायट्यांचा मेंटेनन्स भरण्याचं ॲप बनवते. दोघं बॅकएंडला, म्हणजे पडद्यामागचे हिशेब आणि डेटा सांभाळणारे. दोघं फ्रंटएंडला, म्हणजे मोबाइलवर दिसणाऱ्या स्क्रीन बनवणारे. दोघं टेस्टर. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये त्यांना अनुक्रमे ५६, ५२ आणि ५८ मनुष्यदिवस मिळाले, आणि ३१, २८ आणि ३२ निखळ दिवसांचं काम पुरं झालं. एकूण १६६ पैकी ९१, म्हणजे जवळजवळ ५५ टक्के. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत ही चांगली खूण. एका स्प्रिंटला ४५ आणि पुढच्याला ६५ येत असेल, तर बहुधा कामं अर्धवट राहून पुढे ढकलली जात आहेत. अर्धवट काम त्या स्प्रिंटला शून्य धरलं जातं आणि पुढच्या स्प्रिंटला सगळंच्या सगळं जमा होतं, म्हणून आकडा झोके घेतो. तसं असेल तर तीन-चार स्प्रिंटची सरासरी घ्यावी, शेवटचा आकडा कधीच घेऊ नये.

इथे एक बारकावा आहे जो अनुभवी लोकांकडूनही सुटतो. मागच्या स्प्रिंटचे मनुष्यदिवस मोजताना कोणती हजेरी धरायची? स्प्रिंटच्या सुरुवातीला ठाऊक असलेली, की शेवटी प्रत्यक्ष भरलेली? माझा आग्रह सुरुवातीच्या हजेरीचा असतो. कुणाला ताप येतो, कुणाच्या मुलाची शाळा अचानक बंद राहते. असे दिवस आधी कळत नाहीत, पण दर स्प्रिंटला एक-दोन असतातच. सुरुवातीची हजेरी धरली की हे दिवस आपोआप फोकस फॅक्टरमध्ये मुरतात आणि पुढच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळी वजाबाकी लागत नाही. प्रत्यक्ष हजेरी धरणार असाल तर आजारपणासाठी दर वेळी वेगळी जागा सोडायला हवी. दोन्ही रीती चालतात, पण मागचा हिशेब एका रीतीने आणि पुढचा दुसऱ्या रीतीने केला तर आकडा खोटा होतो, आणि कागदावर ते दिसतही नाही.

तर, सोमवार २५ ऑगस्ट ते शुक्रवार ५ सप्टेंबर हा स्प्रिंट. दहा दिवसांतून चतुर्थीची सुट्टी गेली, उरले नऊ. सहा जणांचे ५४ मनुष्यदिवस. रविवारी ३१ ऑगस्टला गौरी येणार, सोमवारी पूजन, मंगळवारी २ सप्टेंबरला विसर्जन. कणकवलीची मुलगी बॅकएंडची आहे. ती सोमवारी २५ तारखेपासून गौरी-विसर्जनापर्यंत नाही, म्हणजे तिचे तीनच दिवस मिळणार. तिचा बॅकएंडचा जोडीदार मूळचा नागपूरचा, तो नऊच्या नऊ दिवस हजर. फ्रंटएंडच्या एकीकडे गौरी बसतात, तिची सोमवार-मंगळवार रजा, दिवस सात. दुसऱ्याने चतुर्थीला जोडून गुरुवार-शुक्रवार घेतले, त्याचेही सात. रत्नागिरीचा टेस्टर गुरुवारपासून मंगळवारपर्यंत नाही, त्याचे पाच. दुसरी टेस्टर फक्त विसर्जनाच्या दिवशी नाही, तिचे आठ. बेरीज ३९.

५५ टक्क्यांनी गुणलं की २१ आणि थोडं. गेल्या वेळचंच काम घ्यायचं म्हटलं असतं तर ३२ घेतलं असतं. रजा वजा करून पुऱ्या दिवसांचं घ्यायचं म्हटलं असतं तर ३९. म्हणजे एवढ्याशा गुणाकाराने टीमला अकरा किंवा अठरा दिवसांच्या खोट्या वचनातून वाचवलं. ‘वचन’ हा शब्दही मी नाइलाजाने वापरते आहे. स्क्रमच्या मार्गदर्शिकेने २०११ सालीच स्प्रिंटमधल्या कामाला वचन म्हणणं सोडून अंदाज म्हणायला सुरुवात केली. ऑफिसातल्या बोलण्यात मात्र तो बदल अजून पोचलेला नाही.

बहुतेक जण २१ वर थांबतात. मी थांबत नाही, कारण फोकस फॅक्टर हा सगळे हजर असतानाच्या दिवसांतून निघालेला असतो, आणि माणसं कमी झाली म्हणून सगळा ओव्हरहेड कमी होत नाही. या टीमला चालू सिस्टिमच्या तक्रारी सांभाळायला दर स्प्रिंटला साधारण पाच मनुष्यदिवस लागतात. सोसायट्यांचे सेक्रेटरी गणपतीतही फोन करतात. वर्गणीच्या दिवसांत तर थोडे जास्तच करतात. पंचावन्नात पाच गेले तर फारसं जाणवत नाही, एकोणचाळिसात पाच गेले तर जाणवतं. म्हणून हा न घटणारा भार आधीच वेगळा काढावा. मागच्या तीन स्प्रिंटमधून दर वेळी पाच दिवस काढले तर हजर दिवस १५१ उरतात, आणि काम तेच ९१. फोकस फॅक्टर ६० टक्के होतो. मगाशी मंगळवारात धरलेली ती चाळीस मिनिटांची तक्रार आता वेगळ्या खात्यात गेली, म्हणून टक्केवारी वाढली.

शिवाय आठवडाभराची रजा संपवून आलेला माणूस पहिल्या सकाळी कोड लिहायला बसत नाही. दीडशे मेल वाचायचे असतात, मध्ये काय बदललं ते समजून घ्यायचं असतं. लांबच्या रजेवरून परतणाऱ्या प्रत्येकाचा अर्धा दिवस मी सोडते. इथे कणकवली आणि रत्नागिरी मिळून एक दिवस. मग ३९ मधून पाच आणि एक गेले, उरले ३३. त्यांचे ६० टक्के म्हणजे १९.८. एकवीसच्या जागी वीस. एवढा खटाटोप करून फरक जेमतेम दीड दिवसाचा पडला, हे मी मान्य करते. याच रीतीने पुढचा हिशेब करता येतो म्हणून ती घ्यायची, आणि खरा फरक त्या पुढच्या हिशेबातच आहे.

बॅकलॉगमध्ये वरती तीन स्टोरी आहेत. पहिली, थकबाकीवरच्या व्याजाचा नवा हिशेब: बॅकएंडचे पाच निखळ दिवस, फ्रंटएंडचा एक, टेस्टिंगचे दोन, एकूण आठ. ग्राहकाला सगळ्यात जास्त हीच हवी आहे. दुसरी, मराठीत पावती: बॅकएंड एक, फ्रंटएंड तीन, टेस्टिंग दोन, एकूण सहा. तिसरी, तक्रारीबरोबर फोटो पाठवण्याची सोय: बॅकएंड दोन, फ्रंटएंड तीन, टेस्टिंग दोन, एकूण सात. आठ, सहा आणि सात मिळून एकवीस. आपला साधा गुणाकारही एकवीसच सांगत होता. तिन्ही कामं चपखल बसतात, बैठक वीस मिनिटांत संपते, सगळे चहाला जातात.

आता तेच ३३ दिवस माणसांच्या कामानुसार वाटून पाहा. बॅकएंडचे हजर दिवस तीन आणि नऊ मिळून बारा. तक्रारींचा भार या टीममध्ये बॅकएंडच उचलतं, कारण डेटाबेसमध्ये हात घालायची परवानगी त्यांनाच आहे. ते पाच गेले. परतीचा अर्धा दिवस गेला. उरले साडेसहा, आणि त्यांचे ६० टक्के म्हणजे चार निखळ दिवससुद्धा पुरते नाहीत. वरच्या तीन स्टोरींना बॅकएंडचे आठ लागतात. फ्रंटएंडला चौदाचे ६० टक्के म्हणजे साधारण आठ मिळतात, त्यांना लागतात सात. टेस्टिंगला तेरातून परतीचा अर्धा दिवस वजा जाऊन साडेसात मिळतात, लागतात सहा. बेरीज बसते, पण एका बाजूची माणसं दुपटीने ओढली जातात आणि दुसरीकडची वाट पाहत बसतात. ओटीवरचा तो लॅपटॉप उघडला जातो तो याच फटीमुळे. नागपूरचा मुलगा तक्रारी आणि व्याजाचा हिशेब दोन्ही ओढत असतो, गुरुवारी दुपारी अडतो आणि कणकवलीला फोन लावतो. त्याचा तरी काय दोष?

आणखी एक गोष्ट दिवसांचा तक्ता मांडल्याशिवाय दिसत नाही. कोऱ्या कागदावर आडव्या ओळीत तारखा लिहा, उभ्या ओळीत माणसं, आणि ज्या दिवशी जो नाही तिथे फुली मारा. मग प्रत्येक तारखेखाली हजर माणसं मोजा. २५ आणि २६ ऑगस्टला पाच-पाच. बुधवारी कुणी नाही. गुरुवार, शुक्रवार आणि पुढचा सोमवार तीन-तीन. गौरी-विसर्जनाच्या मंगळवारी फक्त दोन, आणि त्या दिवशी टेस्टर एकही नाही. शेवटचे तीन दिवस सहाच्या सहा. म्हणजे ३९ पैकी १८ मनुष्यदिवस, जवळजवळ निम्मे, शेवटच्या तीन दिवसांत साठलेले आहेत. तिथे कामाला बसून चालत नाही, कारण शुक्रवारी संध्याकाळी स्प्रिंट संपतो आणि गुरुवारी रात्री लिहून झालेला कोड तपासायला कुणाला वेळ नसतो. तपासून झालेलं नसेल तर काम पुरं झालेलं नाही. एकूण बेरजेला ५ सप्टेंबरचा दिवस आणि २६ ऑगस्टचा दिवस सारखाच वाटतो, कामाला तो सारखा नसतो.

म्हणून बैठकीत दोन प्रश्न जास्तीचे विचारावे लागतात. कोणत्या प्रकारच्या कामात आपण सगळ्यात तोकडे आहोत, आणि प्रत्येक स्टोरी टेस्टरच्या हातात कोणत्या तारखेपर्यंत पडायला हवी. इथे उत्तरं सरळ आहेत. तोकडं बॅकएंड आहे. आणि मोठी स्टोरी फार तर ३ सप्टेंबरच्या सकाळपर्यंत टेस्टिंगला जायला हवी.

मग निवड बदलते. व्याजाचा हिशेब या स्प्रिंटमधून बाहेर. मराठी पावती आत, फोटोची सोय आत. पार्किंगच्या यादीची एक छोटी स्टोरी खाली होती, तिला बॅकएंड लागतच नाही. फ्रंटएंडचे दोन आणि टेस्टिंगचा एक, तीही आत. टेस्टर बरेच दिवस मागणी करत होते ते पैसे भरण्याच्या स्क्रीनच्या तपासण्या आपोआप चालवण्याचं काम, दोन दिवसांचं, तेही आत. बॅकएंडचे तीन, फ्रंटएंडचे आठ, टेस्टिंगचे सात, एकूण अठरा. वीस झेपत असताना अठराच का, असं कुणी विचारेल. उरलेल्या दोनांतला निम्मा भाग बॅकएंडचा आहे, आणि तिथे सहा दिवस एकाच माणसावर भार आहे. त्याला एक दिवस ताप आला तर बॅकएंडच्या चारातला मोठा भाग जातो. फोकस फॅक्टर सहा जणांच्या सरासरीतून येतो, एकट्या माणसावर लावला की तो फार ठिसूळ होतो. चार माणसांखालच्या टीमला मी हा हिशेब दाखवते, पण त्यावर विसंबू देत नाही.

कामांचा क्रमही रजेवरून ठरतो. फोटोच्या सोयीतला बॅकएंडचा भाग नागपूरच्या मुलाने सोमवार-मंगळवारी सगळ्यांत आधी करायचा, म्हणजे फ्रंटएंडची मुलगी गौरींसाठी घरी जाण्याआधी, गुरुवार-शुक्रवारी, त्यावर स्क्रीन जोडू शकते. पावतीचा बॅकएंडचा एक दिवस कणकवलीच्या मुलीसाठी राखून ठेवायचा मोह होतो, पण ती ३ तारखेला येणार आणि टेस्टिंगची मुदतही तीच. तेव्हा तोही नागपूरकडेच, आणि परत आल्यावर तिने तक्रारी हातात घेऊन त्याला मोकळं करायचं. शिवाय ती जाण्यापूर्वीच्या शुक्रवारी, २२ ऑगस्टला, अर्धा तास दोघांनी बसून तिच्याकडच्या भागाची ओळख करून घ्यायची. तो अर्धा तास चुकला की कणकवलीला फोन जातोच.

प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे ग्राहकाच्या वतीने कामांचा क्रम ठरवणाऱ्या माणसाला, हे सांगणं सगळ्यात जड जातं. संवाद साधारण असा होतो.

‘व्याजाचा हिशेब या वेळी नक्की होता ना? मी सोसायट्यांना सांगून बसलोय.’

‘बॅकएंडचे चार दिवस आहेत सर, त्याला पाच लागतात. ८ सप्टेंबरच्या स्प्रिंटमध्ये पहिलं तेच घेऊ. तेव्हा बॅकएंडचे साधारण नऊ मिळतात.’

‘आणि तिने गावाहून थोडं बघितलं तर?’

‘ती रजेवर आहे सर.’

या शेवटच्या वाक्यापुढे मी काही जोडत नाही. समोर तक्ता असतो, फुल्या दिसत असतात, आणि चर्चा माणसावरून कामाच्या क्रमावर सरकते. तक्ता नसेल तर हाच संवाद ‘तुमची टीम मनावर घेत नाही’ इथे येऊन थांबतो. मी तसाही थांबलेला पाहिला आहे, आणि त्याचा राग मला अजून येतो.

फोकस फॅक्टरचा गैरवापरही इथूनच सुरू होतो. तो आकडा एकदा वरिष्ठांच्या अहवालात गेला की कुणीतरी विचारतं, ‘५५ चे ७० कधी करणार?’ टीम ते एका महिन्यात करून दाखवते. तीन दिवसांच्या कामाचा अंदाज चार दिवस सांगायचा, झालं. काम तेवढंच, आकडा मोठा. हे चाललं आहे हे ओळखायचं कसं? फोकस फॅक्टर चढत जातो पण ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या गोष्टींची संख्या हलत नाही. दुसऱ्या दिशेची खूणही सांगते. फोकस फॅक्टर ९० च्या पुढे बराच काळ राहिला तर माणसं रात्री काम करत आहेत, कोड न तपासताच पुढे जातो आहे, किंवा रजेवरच्यांनी केलेलं काम जमा होतं आहे आणि त्यांचे दिवस मात्र मोजलेच जात नाहीत. हा शेवटचा प्रकार फार वाईट, कारण पुढच्या स्प्रिंटचा हिशेब त्याच फुगलेल्या आकड्यावर उभा राहतो. रजेत केलेलं काम मोजायचंच असेल तर तो दिवस हजेरीतही मोजा, आणि त्या माणसाची रजा परत द्या.

स्प्रिंट संपल्यावर वहीत ओळ लिहायची: सुरुवातीची हजेरी ३९, न घटणारा भार पाच, परतीचा एक, पुरं झालेलं काम इतकं, आणि शेजारी ‘गौरी-गणपती’ असा शेरा. हा शेरा महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांनी कुणीतरी वेगाचा आलेख उघडतं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पडलेला खड्डा दाखवतं, तेव्हा वहीतली ओळ सांगते की काम कमी झालं कारण दिवस कमी होते. भागाकार करून पाहा, प्रमाण जवळपास तेच निघतं. तेही घसरलेलं असेल तर मात्र शोधायला हवं, आणि ते शोधताना सणाला दोष देता येणार नाही.

दोन-दोन आठवड्यांनी मोजत गेलं तर त्या वर्षीचे पुढचे स्प्रिंट ८ आणि २२ सप्टेंबरला, मग ६ आणि २० ऑक्टोबरला सुरू होतात. २० ऑक्टोबर २०२५, सोमवार, नरक चतुर्दशी. म्हणजे दिवाळीच्या स्प्रिंटची आखणीची बैठकच अभ्यंगस्नानाच्या सकाळी येते. ती शुक्रवारी, १७ तारखेला घ्यावी लागेल, आणि त्या दिवशी वसुबारस आहे, तेव्हा दुपारच्या आत. १८ ऑक्टोबरच्या गाड्यांचं आरक्षण १९ ऑगस्टच्या सुमाराला उघडलं. गणपतीच्या स्प्रिंटसाठी टीम एकत्र बसली तेव्हा नागपूरच्या मुलाचं दिवाळीचं तिकीट काढून झालं होतं. त्या बैठकीत तक्त्याचा कागद थोडा लांब घ्यायचा आणि त्याची फुली तेव्हाच मारून ठेवायची.